लेथवर उघडं पडलेलं भोक

नमस्कार श्रोतेहो. मराठवाड्यातल्या पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या मुलांसाठी आज ओतकाम, घडाई आणि मशिनिंग हा धडा घेतोय. मुलं व्याख्या पाठ करतात, पण तयार वस्तूत दोष दिसला की तो कुठल्या टप्प्यावर शिरला हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून आज दोषापासूनच सुरुवात करू.

वाळूजच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आमचा एक जुना विद्यार्थी विहिरीवरच्या पंपाची बॉडी लेथवर लावत होता. बॉडी बिडाची, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड ओतून केलेली. आत वळणदार पोकळी असलेली अशी वस्तू ठोकून घडवता येत नाही, म्हणून पंपाची बॉडी, इंजिनाचा ब्लॉक, लेथचा बेड हे सगळं ओतकामाचं. पहिला कट स्वच्छ गेला. दुसऱ्या कटला, बेअरिंग बसतं त्या जाड भागात, हरभऱ्याएवढं भोक उघडं पडलं. मोल्डर म्हणाला, टूल बोथट असेल. पण बोथट टूलनं पृष्ठभाग खरबडतो, भोक पडत नाही.

मी त्या विद्यार्थ्याला म्हटलं, बाबा, भोकात बॅटरी मारून बघ. भिंत गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर तो वायूचा फुगा. वाळू जास्त ओली असली किंवा वाफ जायला वाट नसली की असं होतं. आत वाळूचे कण सापडले तर साचाच ढासळला. आणि भिंत खडबडीत, गुळाची ढेप फोडल्यावर दिसते तशी दाणेदार असेल, तर धातू आकसल्यामुळं ती पोकळी झाली. त्याच्या भोकाची भिंत दाणेदार निघाली.

आता कारण बघा. बॉडीची भिंत 8 मिलिमीटर, बेअरिंगचा भाग 30. धातू गोठायला लागणारा वेळ साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीस भागिले आठ म्हणजे पावणेचार, त्याचा वर्ग चौदा. म्हणजे भिंत एका मिनिटात गोठली तर जाड भागाला चौदा मिनिटं. भिंत आधी गोठली, रस यायची वाट बंद झाली आणि मधला जाड भाग आकसताना उपाशी राहिला. बिडात ग्राफाइट तयार होताना फुगतं, म्हणून पोकळी लहान राहते. ओतीव पोलादाला तीही सवलत नाही.

उपाय दोन. जाड भागावर रायझर ठेवायचा, म्हणजे त्याहूनही उशिरा गोठणारा रसाचा साठा, किंवा साच्यात त्या जागी लोखंडी तुकडा बसवून तो भाग लवकर थंड करायचा. मोल्डरनं तुकडा बसवला. पुढची एक बॉडी मुद्दाम करवतीनं कापून पाहिली, आतून भरीव निघाली.

घडाईचं तत्त्व वेगळं. इथं धातू वितळत नाही, तापवून मऊ करतात आणि दाबानं वळवतात. आपल्या बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार वापरतात तो कोयता डोळ्यांसमोर आणा. लोहार पोलादाची पट्टी लालपिवळी तापवतो आणि ठोकतो. लाकडात जशी रेषा असते तशी धातूच्या कणांची रेषा ठोकताना आकाराबरोबर वळते, म्हणून कोयता झटका सोसतो. मोटारसायकलचा कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट, पाना याच कारणासाठी घडवलेले असतात.

इथला नेहमीचा दोष म्हणजे घडी. ठोकताना कड दुमडून आत दबते, मध्ये काळी पापडी असते, त्यामुळं दोन थर एकजीव होत नाहीत. वरून केसासारखी रेघ दिसते, कधी तीही नाही. रॉकेल लावा, थोडा वेळ थांबा, कोरडं पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. भेग असेल तर तिथं ओली काळसर रेघ फुटते. दुसरी चूक गार पडलेल्या लोखंडावर ठोकत राहण्याची. पिवळा रंग जाऊन गडद लाल आला की परत भट्टीत घाला, नाहीतर कडेला तडे जातात.

मशिनिंगमध्ये आपण धातू वळवत नाही, तासून काढतो. माप नेमकं मिळतं, पण भुशात बराच माल जातो, म्हणून आधी ओतून किंवा घडवून घेतलेल्या वस्तूला शेवटचं माप इथं देतात.

त्याच पंपाचा शाफ्ट त्या मुलानं दोन सेंटरांमध्ये धरून कातला. बेअरिंग एका बाजूनं अलगद सरकलं, टेलस्टॉककडच्या टोकाला अडलं. मायक्रोमीटरनं मोजलं: हेडस्टॉककडे 25.00, टेलस्टॉककडे 25.06. हा दोष मालाचा नव्हता, टेलस्टॉक टूलपासून लांब सरकला होता. व्यास दोन्ही बाजूंनी मोजला जातो, म्हणून सरकणं फरकाच्या निम्मं, 0.03 मिलिमीटर. त्यानं डायल लावून टेलस्टॉक तेवढाच टूलकडे घेतला, हलका कट मारला आणि पुन्हा दोन्ही टोकं मोजली. आकडे जुळल्यावरच बेअरिंग हातात घेतलं.