कुठल्या घड्याळात?

(एका ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय 'टायटॅनिकची रात्र : मिनिटांचा हिशेब'. त्याकडे मी येणार आहे. पण आधी पाच मिनिटं माझ्या कारखान्याबद्दल बोलतो. माझी पाच मिनिटं किती मोठी असतात ते सौ.ला विचारा, ती मागच्या रांगेत मुद्दाम दाराजवळ बसली आहे.

मी रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येतं. एका रात्री पंपाच्या सीलमधून सॉल्व्हंट गळायला लागलं. पावणेबाराला कुणाला तरी वास आला आणि पहाटे पाचला सगळं आटोक्यात आलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण चौकशी लागली आणि तीत एक ऑपरेटर अडकला. कंट्रोल रूमच्या लॉगबुकात अलार्म वाजल्याची वेळ होती २.२९ आणि गेटवरच्या सीसीटीव्हीत हा गडी बाहेर पडताना दिसत होता २.२० ला. म्हणजे अलार्मच्या नऊ मिनिटं आधीच हा पळाला! आमच्या साहेबांनी चार्जशीटचा मसुदासुद्धा करून ठेवला. तो बिचारा एकच म्हणत होता, "साहेब, अलार्म ऐकूनच मी बंबवाल्यांना आणायला धावलो."

दोन्ही कागद खरे होते, खाडाखोड कुठेच नव्हती. गेटचं रजिस्टर मागवलं, तर त्यातली प्रत्येक वेळ शून्याने नाहीतर पाचाने संपत होती. जगात काहीही घडो, आमच्या वॉचमनकडे ते दर पाच मिनिटांनीच घडायचं. ते रजिस्टर मी बाजूला ठेवलं. खोटं म्हणून नव्हे; त्यातल्या प्रत्येक वेळेला मागेपुढे पाच मिनिटांची सूट द्यावी लागणार होती आणि माझा प्रश्नच मिनिटांचा होता.

मग सुचलं की त्या रात्री वीज गेली होती. वीज सगळ्यांची एकाच क्षणी जाते. सबस्टेशनच्या नोंदीत ट्रिपिंग होतं २.३१ ला आणि त्यांचं घड्याळ लोड डिस्पॅचशी, म्हणजे वीजपुरवठ्याचं नियंत्रण करणाऱ्या केंद्राशी, जुळवलेलं असतं. आमच्या लॉगबुकात 'लाइट गेली' २.३८ ला. सीसीटीव्हीचं चित्रण तुटलं २.२७ ला. आता सांगा! कंट्रोल रूमचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, कारण शिफ्टवाल्यांची बस चुकू नये म्हणून कुणीतरी ते तसं लावून ठेवलेलं. कॅमेरा चार मिनिटं मागे. म्हणजे अलार्म खरा वाजला २.२२ ला आणि गडी बाहेर पडला २.२४ ला. अलार्मनंतर दोन मिनिटांनी! चार्जशीटचा मसुदा फायलीतच राहिला. साहेबांनी मला चहासुद्धा विचारला नाही, ते असो.

यात एक खोच आहे. वीज परत आली ४.०६ ला. कंट्रोल रूमचं भिंतीवरचं घड्याळ सेलवर चालणारं, त्यात तेव्हा ४.१३ झाले होते. फरक तोच सात, म्हणजे मधल्या वेळात ते बिघडलं नव्हतं. पण कॅमेरा सुरू झाला तो थेट १ जानेवारीच्या मध्यरात्रीपासून! आधीची चार मिनिटांची दुरुस्ती तिथे लावली असती तर पुन्हा घोळ. म्हणून फरक दोन ठिकाणी तपासायचा, घटनेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणे. बरं.)

माझे आजोबा गिरगावातले. त्यांना कुणी "नऊ वाजता भेटू" म्हटलं की विचारायचे, "मुंबई टाइम की स्टँडर्ड?" आम्हाला हसू यायचं. पण १९०६ ला देशाची प्रमाणवेळ आली तरी मुंबईत जुनी स्थानिक वेळ १९५५ पर्यंत रेंगाळली, ३९ मिनिटं मागे. त्या काळातल्या मुंबईतल्या एखाद्या घटनेचा तक्ता करायचा तर आजोबांचा प्रश्न आधी विचारावा लागेल.

आणि टायटॅनिकचा सगळा घोळ हाच आहे, फक्त समुद्रावरचा. जहाजावरची वेळ सूर्यावरून ठरायची. पश्चिमेला जाताना रोज रात्री काटे मागे घ्यायचे. वायरलेसच्या नोंदी मात्र न्यूयॉर्कच्या वेळेत. म्हणून १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीचा तक्ता करताना पहिला प्रश्न असा, की जहाज न्यूयॉर्कच्या किती पुढे होतं?

अमेरिकी सिनेटच्या चौकशीने धरलं १ तास ३३ मिनिटं. ब्रिटिश चौकशीने धरलं १ तास ५० मिनिटं. पुढे अभ्यासकांनी त्या दिवशीच्या दुपारच्या स्थानावरून हिशेब केला, तो येतो २ तास २ मिनिटं. आता केप रेसच्या वायरलेस केंद्राने मदतीची पहिली हाक ऐकली ती न्यूयॉर्कच्या रात्री १०.२५ ला. ही नोंद पक्की, हिला हात लावायचा नाही. जहाजाच्या वेळेत ती अमेरिकी हिशेबाने ११.५८, ब्रिटिश हिशेबाने १२.१५, आणि नव्या हिशेबाने १२.२७.

हिमनगाची धडक सर्वसाधारणपणे ११.४० ची मानतात. म्हणजे धडकेनंतर हाक मारायला कप्तानाने १८ मिनिटं घेतली, ३५ घेतली की ४७? १८ असतील तर तो तत्पर माणूस आणि ४७ असतील तर वकील त्याला उभा चिरतील. माणूस तोच, हाकही तीच. आमच्या ऑपरेटरसारखंच.

म्हणून तक्ता करताना घटनेपुढे एकच वेळ लिहू नका. आधी कागदावर जशी आहे तशी मूळ वेळ, शेजारी ती कुठल्या घड्याळातली, मग दुरुस्त केलेली वेळ आणि ती किती मिनिटं इकडेतिकडे होऊ शकते. मूळ आकडा कधी खोडायचा नाही, कारण उद्या फरकच चुकीचा निघाला तर परत जायला जागा हवी. आणि दोन वेळा जुळत नसल्या तर सरासरी काढू नका! अलार्म २.२९ चा आणि गडी २.२० चा, म्हणून दोघांना २.२५ च्या आसपास बसवलं असतं तर आमचा ऑपरेटर ना सुटला असता ना अडकला असता. (हो हो, आवरतो.)

शेवटचं. व्हर्जिनियन जहाजाने टायटॅनिकचा शेवटचा तुटक संदेश ऐकला तो न्यूयॉर्कच्या १२.२७ ला. ब्रिटिश हिशेबाने जहाजाचे २.१७. जहाज बुडालं २.२० ला, म्हणजे अगदी चपखल. पण ज्या नव्या फरकाने पहिली हाक १२.२७ ला बसते, त्याच फरकाने हा संदेश येतो २.२९ ला, जहाज बुडाल्यावर नऊ मिनिटांनी. मग नोंदीची वेळ चुकली, संदेश दुसऱ्याच कुणाचा होता, की फरकच चुकला? माझ्या तक्त्यात त्या ओळीसमोर मूळ वेळ आहे, दोन्ही दुरुस्त वेळा आहेत आणि तांबड्या शाईचं प्रश्नचिन्ह आहे. ते खोडायला अजून काही सापडलेलं नाही.

अध्यक्षांच्या घड्याळात आठ वाजून गेले. माझ्यात दोन कमी आहेत, पण आता तो वाद नको.