बाटलीवरचं एक वाक्य

तेल बनवून विकणाऱ्या तुमच्यापैकी एकांनी मला बाटलीच्या लेबलचा मसुदा दिला आहे. माका, आवळा आणि जास्वंद घालून सिद्ध केलेलं तिळाचं तेल. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘केसगळती थांबवते, नवे केस उगवते.’ तेल चांगलं असेल, पण हे वाक्य औषधाचं आहे. केस मुळापाशी, त्वचेच्या आत तयार होतो. तिथलं काम बदलतो म्हटलं की तुम्ही सौंदर्यप्रसाधनाच्या कुंपणाबाहेर गेलात. ‘थांबवण्यास मदत करते’ लिहिलं तरी सुटका नाही. वाचणारा ‘मदत’ गाळून वाचतो आणि तपासणाराही तसंच वाचतो. तेलाचं नावच ‘केशवर्धक’ ठेवलं, किंवा टक्कल आणि दाट केस असे दोन फोटो शेजारी छापले, तरी दावा तोच.

मग खरं काय सांगता येईल? कंगव्यातला एक केस उचला आणि टोक पाहा. टोकाला पांढरी गाठ असेल तर तो मुळातून गळला. रोज पन्नास ते शंभर केस असे सगळ्यांचेच गळतात. गाठ नसेल तर बहुधा तो मधेच तुटलाय. तेल कंगव्याचं घर्षण कमी करतं, म्हणून त्याचं काम या दुसऱ्या केसावर. तेव्हा ‘विंचरताना केस कमी गुंततात, मऊ लागतात’ असं लिहा. ‘कमी तुटतात’ लिहायचं असेल तर तेल लावलेल्या आणि न लावलेल्या बटा सारख्याच वेळा विंचरून तुटलेले केस मोजा, आणि ती नोंद जपून ठेवा.

कोंड्याचं नावच काढू नका. कोंड्याशी जोडलेली मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलातल्या काही मेदाम्लांवरच पोसते.

आता तुमची तक्रार येणार, की असं तर सगळेच लिहितील. बरोबर आहे, म्हणून वेगळेपण गुणात शोधू नका, कृतीत शोधा. मसुदा देणाऱ्या यांना मी विचारलं, तेल झालं हे कसं ओळखता? ते म्हणाले, ‘तेलातला कल्क, म्हणजे वनस्पतींचा वाटलेला लगदा, बोटांत घेतला की त्याची वात वळते. ती विस्तवावर धरायची. तडतडली तर पाणी आहे अजून.’ अहो, हेच तर लेबल! आम्ही लिहिलं:

‘माका, आवळा, जास्वंद. तिळाच्या तेलात, मंद आचेवर. कल्काची वात विस्तवावर तडतडायची थांबली, तेव्हा गाळलं.’

यात केसांबद्दल एक अक्षर नाही, आणि हे वाक्य दुसऱ्याला उचलता येत नाही, कारण त्याला तसं तेल करावं लागेल. तुम्हालाही प्रत्येक घाण्याला वात धरावी लागेल, हे मात्र आहे. अर्क बाहेरून आणून तेलात मिसळत असाल तर हे छापू नका.

मागच्या बाजूला घटकांच्या यादीत तिळाचं तेल पहिलं, कारण वजनात तेच सर्वांत जास्त. सुगंध घातला असेल तर तोही लिहा, आणि तो कृत्रिम असेल तर पुढची ‘शंभर टक्के नैसर्गिक’ची पट्टी काढा. यांच्या मसुद्यात दोन्ही होतं.