कोव्ह लाइटमध्ये ठिपके दिसतायत? चॅनेल आतून मोजा

नमस्कार. फॉल्स सीलिंगच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच: "पट्टी चांगली घेतली, चॅनेल घेतलं, वर दुधी डिफ्यूझरही लावला, तरी एकेक एलईडी वेगळा दिसतो. काय चुकलं?"

वायरिंग, ड्रायव्हर, कुठल्या खुणेवर पट्टी कापायची, हे बहुतेकांना माहीत असतं. चोवीस व्होल्टची पट्टी घ्या, लांबी जास्त असेल तर दोन्ही टोकांकडून सप्लाय द्या, झालं. आज मला फक्त ठिपक्यांबद्दल बोलायचंय.

पट्टीवरच्या दोन एलईडींमध्ये किती अंतर आहे, ते आधी काढा. मीटरला 60 एलईडी असतील तर 1000 भागिले 60, म्हणजे साधारण 17 मिलिमीटर. 120 असतील तर जेमतेम साडेआठ. आता दुधी डिफ्यूझर एलईडीपासून निदान तेवढ्याच अंतरावर हवा, थोडा जास्त असेल तर उत्तम. त्याहून जवळ आला की एकाचा उजेड शेजारच्याच्या उजेडात मिसळायच्या आतच डिफ्यूझरवर पडतो आणि ठिपका उमटतो.

इथे सगळे फसतात, मीही फसलो होतो. घरच्या बैठकीच्या खोलीत मी 15 मिलिमीटर खोलीचं चॅनेल घेतलं, पट्टी 60 ची. वाटलं, 15 आणि 17 मध्ये असा काय फरक पडणार? लावल्यावर ठिपक्यांची अख्खी माळ दिसली. चॅनेल खाली काढून फूटपट्टी लावून मोजलं, तेव्हा उलगडा झाला. 15 हे बाहेरचं माप होतं. तळाच्या अॅल्युमिनियमची जाडी दीड मिलिमीटर, एलईडीसकट पट्टी दोन, आणि डिफ्यूझर खाचेत दीड मिलिमीटर आत बसतो. राहिले किती? दहा! 17 ची गरज, हातात दहा. त्याच चॅनेलमध्ये 120 ची पट्टी घातली आणि ठिपके गेले. म्हणून दुकानात चॅनेलवर लिहिलेला आकडा विचारू नका. तुकडा हातात घ्या, डिफ्यूझर बसवा आणि आतली पोकळी मोजा.

आकडेमोड नको असेल तर पट्टी टेबलावर ठेवून पेटवा, डिफ्यूझर हातात धरा आणि हळूहळू वर उचला. ठिपके विरघळून सलग रेघ दिसायला लागली की थांबा आणि तिथलं अंतर मोजा. तीच तुम्हाला लागणारी पोकळी. दिवा मंद करूनही बघा, कारण पूर्ण उजेडात डोळे दिपतात आणि ठिपके लपून जातात.

एकाने लिहिलंय, "डिफ्यूझरवर डिफ्यूझर लावला तर?" ठिपके थोडे कमी होतील, पण उजेडही बराच खाल्ला जाईल. मूळ दुखणं अंतराचं आहे, त्यामुळे दाट पट्टी किंवा खोल चॅनेल हाच उपाय. जागा अगदीच कमी असेल तर सीओबी पट्टी घ्या. तिच्यावर एकेक एलईडी वेगळा दिसतच नाही, पिवळसर सलग थर असतो.

बरं, कोव्हमध्ये पट्टी डोळ्यांना थेट दिसत नाही, मग ठिपके येतात कुठून? एकतर भिंतीवरून. मिस्त्री पट्टी मागच्या भिंतीला अगदी टेकवून लावतात आणि भिंतीवर उजेडाच्या कमानी उमटतात. पुन्हा तेच, अंतर कमी! भिंतीपासून पाचेक सेंटिमीटर सोडा. दुसरं म्हणजे चकचकीत रंग आणि चकचकीत टाइल्स. त्यांच्यात आरशासारखी पट्टीच दिसते, तिथे कितीही अंतर ठेवून उपयोग नाही. वरच्या छताला मॅट रंग द्या, आणि फरशी पॉलिशची असेल तर डिफ्यूझर हवाच.

आता कोव्हच्या पुढच्या कडेबद्दल. पट्टी दिसू नये म्हणून ही कड खूप उंच करतात, आणि मला त्याचा फार त्रास होतो. समजा एलईडीपासून वरचं छत 150 मिलिमीटरवर आहे, कड 60 मिलिमीटर पुढे आहे आणि एलईडीपेक्षा 40 मिलिमीटर उंच आहे. कडेला घासून जाणारा किरण 225 मिलिमीटरवर छताला भिडतो. उजेड तिथेच कापला जातो आणि छतावर सरळ काळी रेघ पडते. खोलीत उभं राहून आपण खालूनच बघतो, त्यामुळे कड चॅनेलच्या माथ्याइतकी असली तरी पट्टी झाकली जाते. जिन्यावरून किंवा माळ्यावरून कोव्ह दिसत असेल तेवढीच बाजू वेगळी धरा.

आणि जिप्सम बंद करायच्या आधी मीटरभर पट्टी आत ठेवून रात्री पेटवा. सोफ्यावर बसून बघा, मग दाराशी उभं राहून बघा. दोन्हीकडून उजेड सलग दिसला की मगच बोर्ड लावायला सांगा.