छत्तीस मीटरचा बीम आणि बारा मीटरच्या सळ्या

(साइटवरच्या तरुण इंजिनिअरांसमोर आणि कंत्राटदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एकाच बीमबद्दल बोलणार आहे. शाळेची दुमजली इमारत धरा. सहा मीटरचे सहा गाळे, म्हणजे कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत एकूण ३६ मीटर. बीम ३०० बाय ५००, कॉलम बीमच्या दिशेने ४५० मिलिमीटर, काँक्रीट एम २५, लोखंड एफई ५००. वरच्या बाजूला टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या १६ मिलिमीटरच्या दोन सळ्या आहेत. आधारांवरचे जादाचे तुकडे, खालच्या सळ्या, रिंगा हे सगळं आज बाजूला ठेवू. या दोन सळ्यांना बाजारातून बारा मीटरचे किती नग आणायचे, एवढाच प्रश्न आहे.

आधी सळईची लांबी काढू. बाहेरून बाहेर बीम ३६.४५ मीटर. दोन्ही टोकांना कव्हर आणि कॉलमची रिंग मिळून ५० मिलिमीटर सोडले की उरतात ३६.३५. शेवटच्या कॉलममध्ये सळई खाली वाकवायची. भूकंपासाठीच्या आयएस १३९२० प्रमाणे कॉलमच्या आतल्या तोंडापासून पकड हवी विकासलांबी, म्हणजे काँक्रीटने सळई पूर्ण ताणात धरून ठेवण्याएवढी लांबी, अधिक दहा डी; डी म्हणजे सळईचा व्यास. १६ च्या सळईला ती साधारण ९४५ मिलिमीटर येते. त्यातले ४०० आडवे मिळतात, म्हणून उभा पाय ५५० चा. दोन्ही पाय धरून, वाकवताना वाचणारी लांबी वजा करून एक सळई ३७.४ मीटरची होते.

आता लॅप, म्हणजे एक सळई संपते तिथे दुसरी तिच्या शेजारी ठेवून जोडायची लांबी. आयएस ४५६ मध्ये एम २५ साठी साध्या सळईचा बाँडचा ताण १.४ दिला आहे. कंगोऱ्यांच्या सळईला तो साठ टक्क्यांनी वाढवायचा, म्हणजे २.२४. एफई ५०० चा ताण ०.८७ गुणिले ५००, म्हणजे ४३५. त्याला चार गुणिले २.२४ ने भागा, ४८.५ येतात. म्हणून विकासलांबी ४९ डी, आणि वाकणाऱ्या भागातल्या ताणाच्या सळईचा लॅपही तेवढाच. १६ गुणिले ४९ म्हणजे ७८४, आपण ८०० धरू. साइटवर अजून ‘चाळीस डी’ ऐकू येतं. हा आकडा हवेतून आलेला नाही. एम २५ बरोबर जुनं एफई ४१५ घेतलं की हिशेब साधारण चाळीसच येतो. लोखंड बदललं, तोंडातला आकडा तोच राहिला.

आयएस ४५६ ची आणखी एक अट इथेच सांगून ठेवतो, कारण ती ड्रॉइंगवर नेहमी लिहिलेली नसते. वरच्या सळईवरचं कव्हर तिच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर लॅप १.४ पट करावा लागतो. आपल्याकडे ३० चं कव्हर आणि ८ ची रिंग मिळून ३८ होतात आणि १६ ची दुप्पट ३२, म्हणून सुटलो. इथे २० ची सळई असती तर हवे होते ४०, आणि मग एक मीटरचा लॅप थेट १.४ मीटर झाला असता. अशा वेळी डिझायनरला विचारा, स्वतःच्या मनाने ठरवू नका.

बहुतेक जण पुढचा हिशेब असा करतात. ३७.४ भागिले १२, तीन पूर्ण आणि थोडं वर. म्हणजे चार तुकडे, तीन लॅप, अडीच मीटरच्या आत वाढ. ३७.४ अधिक २.४, एकूण ३९.८ मीटर. हा आकडा बरोबर आहे, पण आपल्या बीमच्या बाबतीत नशिबाने. पहिली सळई १२ मीटर भरते, पुढची प्रत्येक फक्त ११.२ भरते. म्हणून एका सळईत १२, दोनात २३.२, तीनात ३४.४, चारात ४५.६ मीटर असा पल्ला मिळतो. सळई ३५ मीटरची असती, तर १२ ने भागून तीनच नग आले असते आणि तीन नग ३४.४ वर संपले असते. म्हणून नगांची संख्या ११.२ चा आकडा घेऊन ठरवायची आणि मग लॅप मोजायचे. उलट क्रमाने केलं की हद्दीवरचा बीम फसवतो.

आता खरी गंमत. लॅप किती हे ठरलं, कुठे हे अजून ठरलेलं नाही. वरच्या सळईला सर्वात जास्त ताण येतो आधारांवर, त्यामुळे तिचा लॅप गाळ्याच्या मधल्या भागात घ्यायचा. आयएस १३९२० सांगतं की लॅप जोडात नको, कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरात नको, आणि जिथे सळई ताणाने कायमची लांबू शकते त्या टोकाच्या पाव लांबीत नको. आपला गाळा कॉलमच्या तोंडापासून तोंडापर्यंत ५.५५ मीटर. त्याची पाव १.३९. म्हणजे प्रत्येक गाळ्यात लॅपला मधली २.७७ मीटरची खिडकी उरते.

सळई नीट १२ मीटरची लावून पाहू. पाय वाकवण्यात ५२ सेंटिमीटर गेले. बाकी ११.४८ आडवी जाते आणि पहिल्या कॉलमच्या मध्यापासून मोजलं तर ११.३० वर संपते. दुसऱ्या गाळ्याची खिडकी १०.३९ लाच बंद होते. म्हणजे पहिला लॅप तिसऱ्या कॉलमच्या जवळ, जिथे ताण जास्त, नेमका त्या भागात येतो. सहा मीटरच्या गाळ्याला बारा मीटरची सळई अशी सवयीने फसवते. दोन गाळ्यांवर ती जवळपास पुरते आणि टोक कॉलमजवळ जाऊन बसतं.

म्हणून पहिला तुकडा ११.०५ मीटरचा कापायचा. तो १०.३५ वर संपतो, लॅप ९.५५ ते १०.३५, खिडकीच्या आत. पुढची पूर्ण सळई ९.५५ पासून २१.५५ पर्यंत, तिचा पुढचा लॅप चौथ्या गाळ्यात. तिसरीही पूर्ण, ती ३२.७५ वर संपते, लॅप सहाव्या गाळ्यात. शेवटचा तुकडा ३१.९५ पासून सुरू होऊन टोकाला वाकतो, त्याची कापण्याची लांबी ४.७५ मीटर. बेरीज करा: ११.०५, १२, १२, ४.७५. ३९.८ जुळले.

आता दुसरी सळई. नियम असा की एका छेदात अर्ध्याहून जास्त सळ्यांचे लॅप येऊ नयेत, आणि दोन लॅपच्या मध्यांत १.३ लॅप, म्हणजे आपल्याकडे १.०४ मीटर तरी अंतर हवं. इथे अनेक जण दुसऱ्या सळईसाठी वेगळी कटिंग काढतात, अर्धी सळई आधी, पूर्ण नंतर, आणि मग एक जादाचा लॅप होतो. त्याची गरज नाही. तेच चार तुकडे उलट क्रमाने लावा, ४.७५ डाव्या टोकाला आणि ११.०५ उजव्या. पहिल्या सळईचे लॅप दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या गाळ्यात होते. उलटवल्यावर ते पाचव्या, तिसऱ्या, पहिल्या गाळ्यात जातात. एकाच गाळ्यात दोन लॅप येतच नाहीत आणि फिटरला एकच कटिंग यादी पुरते. गाळे सारखे असल्याने हे जमलं. एखादा गाळा लहान-मोठा असेल तर उलटी मांडणी खिडक्यांशी पुन्हा ताडून पाहा.

आता खरेदी. एका बीमच्या दोन सळ्यांना चार पूर्ण नग, ११.०५ साठी आणखी दोन, आणि ४.७५ चे दोन तुकडे एकाच नगातून. एकूण सात. ८४ मीटर आणले, ७९.६ मीटर बीममध्ये गेले, ४.४ मीटर उरले: ९५ सेंटिमीटरचे दोन आणि अडीच मीटरचा एक. दोन मजले, प्रत्येकी असे तीन बीम, म्हणजे ४२ नग.

हे आकडे शेजारी ठेवा. लॅप न धरता ३७.४ मीटरच्या बारा सळ्यांचे ४४८.८ मीटर होतात, म्हणजे ३८ नग. ‘पाच टक्के वाढवून घ्या’ म्हटलं तर ४० नग. नुसते लॅप धरून बेरीज केली तरी ३९.८, पुन्हा ४०. लागतात मात्र ४२. लॅपमध्ये जातात साडेसहा टक्क्यांच्या आसपास आणि तुकड्यांत जातात साडेपाच. पाच टक्क्यांची सवय या दोहोंपैकी एकच कशीबशी भरून काढते. व्यास वाढला की लॅपही वाढतो. २५ च्या सळईला तो, १.४ पटीची अट लागू नसली तरी, १.२५ मीटर होतो आणि १२ मीटरची सळई १०.७५ च भरते.

म्हणून माझा आग्रह असा की बीबीएसमध्ये, म्हणजे सळ्यांच्या कटिंग यादीत, लॅप आणि नासधूस या दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. कारण बिलातही त्या वेगळ्या वागतात. सरकारी कामाच्या मोजमापात ड्रॉइंगप्रमाणे केलेले लॅप लांबीत धरले जातात. नासधूस आणि परवानगीशिवाय घेतलेले जादा लॅप मोजले जात नाहीत, ते दरात बसवायचे. एक मीटर १६ ची सळई १.५८ किलो. सहा बीममधल्या लॅपचे २८.८ मीटर म्हणजे साधारण साडेपंचेचाळीस किलो बिलात येतात. उरलेल्या तुकड्यांचे ४२ किलो येत नाहीत. दोन्ही एका ‘दहा-बारा टक्क्यां’त मिसळलेत तर कोणाचे पैसे कोणी द्यायचे हेच कळत नाही.

शेवटची गोष्ट मापाची. आपल्या मांडणीत तिसऱ्या लॅपला खिडकीच्या सुरुवातीपासून ३४ सेंटिमीटरची सवलत आहे, आणि तोवर दोन पूर्ण सळ्या लागलेल्या असतात. प्रत्येक सळई १७ सेंटिमीटरपर्यंत कमी निघाली तरी चालतं. ११.८० निघाली तर सहाव्या गाळ्यातला लॅप खिडकीच्या बाहेर सहा सेंटिमीटर सरकतो. मग पहिला तुकडा चार सेंटिमीटर लांब ठेवून आणि दुसरा-तिसरा नग जास्त लांबीचा निवडून तो परत आत आणावा लागतो. शेवटच्या तुकड्याची लांबीही त्याप्रमाणे बदलते. म्हणून गाडी उतरली की दुमडून आलेल्या सळ्या सरळ करून काही नग टेपने मोजा, आणि ४.७५ चे तुकडे सगळ्यात शेवटी कापा.