शून्य दिवस नेमका कोणता? तिमाही निकाल आणि इव्हेंट स्टडी

मंडळी, नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय ‘इव्हेंट स्टडीतल्या सांख्यिकी चाचण्या’ असा छापलाय आणि चाचण्यांकडे मी येणारच आहे. पण त्याआधी शून्य दिवसाबद्दल, म्हणजे ज्या दिवसापासून आधीचे आणि नंतरचे दिवस मोजतो त्या दिवसाबद्दल, बोलायला हवं. निकालांवरच्या प्रबंधांमध्ये सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते, आणि पुढची कितीही भारी चाचणी ती दुरुस्त करू शकत नाही.

आराखडा तुम्हाला ठाऊक आहे. निकालाआधीचे, समजा −२५० ते −३१ हे व्यवहाराचे दिवस घ्यायचे, शेअरचा रोजचा परतावा निफ्टीच्या परताव्यावर बसवायचा, अल्फा आणि बीटा काढायचे. मग निकालाच्या आसपासच्या दिवसांत शेअरने ‘एरवी’ किती दिलं असतं ते या दोन आकड्यांवरून काढून प्रत्यक्षातून वजा करायचं. उरतो तो असामान्य परतावा.

```
AR = R_share - (alpha + beta * R_nifty)
```

इथपर्यंत सगळे बरोबर असतात. प्रश्न असा, की ‘निकालाचा दिवस’ म्हणून तक्त्यात कुठली तारीख भरता? बहुतेक जण डेटाबेसमधली बोर्ड मीटिंगची तारीख उचलतात. आता इन्फोसिसचा एप्रिल २०२३ चा निकाल घेऊ, म्हणजे त्याने काय होतं ते दिसेल.

निकाल आला गुरुवारी, १३ एप्रिलला, बाजार बंद झाल्यावर. दुसऱ्या दिवशी १४ एप्रिल, आंबेडकर जयंती, बाजाराला सुट्टी. मग शनिवार, रविवार. म्हणजे या निकालावर बाजाराला पहिल्यांदा बोलायला मिळालं ते सोमवारी, १७ एप्रिलला. त्या दिवशी शेअर साधारण ९.४ टक्के खाली बंद झाला आणि निफ्टी ०.७ टक्क्याच्या आसपास घसरला. सोयीसाठी बीटा १ आणि अल्फा शून्य धरा. असामान्य परतावा आला −८.७ टक्के. शून्य दिवस हा आहे, १७ एप्रिल.

आता ज्याने १३ एप्रिल भरला त्याचं काय होईल? त्या दिवशीही शेअर जवळपास ३ टक्के पडला होता आणि निफ्टी जागच्या जागी होता. त्याला −३ टक्के मिळतील आणि तो लिहील, ‘निकालावर बाजाराची नकारात्मक प्रतिक्रिया’. पण बाजार चालू असताना निकाल आलेलाच नव्हता! आदल्या दिवशी, १२ तारखेला, बाजार बंद झाल्यावर टीसीएसचा निकाल आला होता आणि आयटीचे शेअर त्यावर पडत होते. म्हणजे या माणसाने एका कंपनीच्या बातमीचा परिणाम दुसऱ्या कंपनीच्या नावावर जमा केला. चिन्ह योगायोगाने बरोबर आलं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

याहून वाईट म्हणजे खिडकी, म्हणजे ज्या दिवसांचा असामान्य परतावा बघायचा ते दिवस, व्यवहाराच्या दिवसांऐवजी कॅलेंडरच्या दिवसांनी मोजणं. −१ ते +१ म्हणजे १२ ते १४ एप्रिल. १४ ला भावच नाही, एक्सेलमध्ये VLOOKUP तिथे #N/A दाखवतो, आणि तिथे सरळ शून्य टाकलं जातं. मोठी घसरण खिडकीबाहेर राहिली. हा प्रकार दुर्मिळही नाही. आदल्या वर्षीही इन्फोसिसचा निकाल १३ एप्रिललाच आला होता, पुढे आंबेडकर जयंती, मग गुड फ्रायडे, आणि सोमवारी १८ तारखेला शेअर ७ टक्क्यांहून जास्त पडला. (जाता जाता, तो १८ एप्रिल २०२२ आपल्या −२५० च्या जेमतेम आत बसतो. अंदाजाच्या खिडकीत, म्हणजे अल्फा-बीटा काढायच्या दिवसांत, मागच्या तिमाहींचे निकाल असतातच, त्या दिवसांची भोवतालची दोन-तीन निरीक्षणं गाळा. नाहीतर नेहमीचा चढउतार आहे त्यापेक्षा मोठा दिसेल.)

उलट्या बाजूची चूक वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून तारीख घेणाऱ्यांची. निकालाची ती चौकट तुम्ही पाहिली असेल, एक इंग्रजी दैनिकात आणि एक नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथल्या भाषेतल्या दैनिकात. पण ती छापून येते निकालानंतर. मग प्रतिक्रिया −१ किंवा −२ ला दिसते आणि प्रबंधात गंभीर निष्कर्ष येतो, ‘माहिती आधीच फुटली होती’. फुटलेलं काही नसतं, तारीख चुकलेली असते. −१ ला उंच खांब आणि ० ला जवळपास काहीच नाही असा आलेख दिसला, की आधी तारखा तपासा.

तपासायच्या कुठे? बीएसईच्या घोषणांच्या पानावर प्रत्येक घोषणेखाली Exchange Disseminated Time दिलेली असते, सेकंदापर्यंत. नियम सोपा ठेवा. वेळ ३:३० च्या आधीची असेल तर तोच दिवस शून्य. ३:३० नंतरची असेल, सुट्टीची असेल, रविवारची असेल, तर पुढचा व्यवहाराचा दिवस शून्य. घोषणा तीनच्या पुढे, बाजार बंद व्हायच्या जरा आधी आली असेल, तर प्रतिक्रिया दोन दिवसांत विभागली जाते, म्हणून मुख्य निष्कर्ष ० ते +१ या खिडकीवर द्या. पन्नास कंपन्या, आठ तिमाह्या, म्हणजे चारशे वेळा हाताने बघायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण या अभ्यासाचा पाया तोच आहे.

समोरून चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. तर आता भरभर.

चांगली बातमी, वाईट बातमी अशी विभागणी करताना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने इन्फोसिसचा हा निकाल ‘चांगल्या’ गटात जातो, कारण नफा ७.८ टक्क्यांनी वाढून ६,१२८ कोटी झाला होता. शेअर पडला तो विश्लेषकांची अपेक्षा याहून जास्त होती म्हणून, आणि पुढच्या वर्षासाठी कंपनीने महसूलवाढीचा अंदाज फक्त ४ ते ७ टक्के दिला म्हणून. मोठ्या कंपन्यांसाठी विश्लेषकांचे अंदाज मिळतात, तेच वापरा. लहान कंपन्यांसाठी मिळत नाहीत, तिथे ही मर्यादा लिहून टाका.

दुसरं, निफ्टीत इन्फोसिसचं वजन तेव्हा ६ ते ७ टक्के होतं. ९.४ ला ०.०६५ ने गुणा, ०.६ येतात. म्हणजे निफ्टीची त्या दिवशीची जवळजवळ सगळी घसरण एकट्या इन्फोसिसच्या वजनाएवढी होती, आणि आपण तीच वजा करतोय! तो शेअर वगळून निर्देशांक काढला तर असामान्य परतावा −८.७ ऐवजी −९.३ च्या आसपास येतो. निफ्टी आयटी घेतला तर ही अडचण आणखी वाढते, कारण त्यात वजन कितीतरी मोठं.

आता चाचणी. साधी टी-चाचणी दोन गोष्टी गृहीत धरते. एक, निकालाच्या दिवशीचा चढउतार एरवीइतकाच असतो. तो नसतो, वाढलेला असतो. त्यासाठी बोमर, मुसुमेसी आणि पॉल्सन यांची १९९१ ची चाचणी आहे, ती प्रत्येक शेअरचा परतावा त्याच्या स्वतःच्या चढउताराने भागते आणि मग त्या दिवशीचा कंपन्या-कंपन्यांमधला फरक वापरते. दोन, सगळे निकाल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. तेही नसतात. सगळ्यांच्या तिमाह्या एकाच दिवशी संपतात, सेबीची मुदत ४५ दिवसांची, मार्चच्या तिमाहीला ६०, निकाल एकमेकांवर आदळतात. टीसीएस १२ ला, इन्फोसिस १३ ला, हे आपण आत्ताच पाहिलं. त्यासाठी कोलारी आणि पिन्नोनेन यांची २०१० ची दुरुस्ती.

```
t_KP = t_BMP * sqrt((1 - r) / (1 + (N - 1)*r))
```

r म्हणजे अंदाजाच्या खिडकीतल्या उरलेल्या परताव्यांचा सरासरी सहसंबंध. समजा कंपन्या ५०, r फक्त ०.०२, नगण्य वाटावा इतका. गुणक येतो ०.७०. तुमचा २.५ चा टी १.७६ वर उतरतो आणि ५ टक्क्यांच्या पातळीवर निष्कर्ष टिकत नाही. तेव्हा प्रबंधात दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा, आणि त्याच तक्त्याखाली शून्य दिवस कुठल्या वेळेवरून ठरवला तेही एका ओळीत लिहा. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या वेळी बोलू, पुढचे वक्ते थांबलेत.