फोटोतल्या पानावरून गिटार वाजवताय? आधी फ्रेटचा आकडा शोधा

नमस्कार मंडळी. कमेंटमध्ये सारखी एकच तक्रार येतेय. "दादा, मित्राने गाण्यांच्या वहीचा फोटो पाठवला, सगळं तसंच वाजवलं, तरी एक कॉर्ड खटकतेच." म्हणून आज फक्त फोटोतल्या पानाबद्दल बोलू.

मूलभूत गोष्टी पटकन उरकतो. कॉर्डच्या चौकटीत उभ्या सहा रेघा म्हणजे तारा, डावीकडची सगळ्यात जाड. आडव्या रेघा म्हणजे फ्रेट. वर फुली असेल तर ती तार वाजवायची नाही, गोल असेल तर खुली वाजवायची. टॅबमध्ये मात्र रेघा आडव्या असतात आणि बारीक तार सगळ्यात वर. "टॅब उलटी छापलीये" अशी कमेंट दर आठवड्याला येते. नाही हो, उलटी नाही! गिटार मांडीवर घेऊन मान खाली घाला, बारीक तार लांब दिसते, म्हणून ती वर. आणि टॅबमधले आकडे फ्रेटचे असतात, बोटांचे नाहीत. झालं.

आता खरी गोम. ही बी मायनरची चौकट बघा. पहिल्या ओळीत आडवं बोट, पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत. दुसऱ्या ओळीत दुसऱ्या तारेवर ठिपका, तिसऱ्या ओळीत चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर. छापील पानावर चौकटीच्या बाजूला बारीक अक्षरात `2fr` लिहिलेलं असतं, म्हणजे ही पहिली ओळ खरं तर दुसरा फ्रेट. तो आकडा नेमका पानाच्या घडीत जातो, नाहीतर मोबाईलचं स्कॅन ॲप कडा कापतं तेव्हा उडतो. काही ॲप पान पांढरंशुभ्र करायच्या नादात बारीक गोलसुद्धा पुसून टाकतात. मला त्या फिल्टरचा मनापासून राग आहे.

आकडा गेला की मुलं पहिल्या फ्रेटवर बोट ठेवतात. वाजतं काय? बी फ्लॅट मायनर. आणि ती कॉर्ड एकटी वाजवली तर छान सुरेल लागते, इथेच सगळे फसतात! गाण्यात गेल्यावरच ती अर्धा स्वर खाली येते. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी अशाच फोटोवरून वाजवत होती आणि दर वेळी ट्यूनर काढून तारा पिळत बसायची. तारा बिचाऱ्या बरोबर होत्या.

मग ओळखायचं कसं? आधी चौकटीची वरची रेघ बघा. ती जाड असेल तर तो नट, मोजणी तिथूनच. बारीक असेल तर कुठेतरी आकडा होता, तो गेलाय. फोटो धूसर असल्यामुळे रेघ कळत नसेल, तर कॉर्डचं नाव वापरा. या आकारात आडव्या बोटाखालची पाचवी तार कॉर्डला नाव देते. पाचवी तार खुली वाजवली तर ए, दुसऱ्या फ्रेटवर बी, तिसऱ्यावर सी. वर बी मायनर लिहिलंय, म्हणजे बोट दुसऱ्यावर.

तरी शंका आहे? शेजारची कॉर्ड वाजवा. अशा गाण्यात डी असतेच बहुतेक. डीमध्ये दुसरी तार तिसऱ्या फ्रेटवर, पहिली तार दुसऱ्यावर. बी मायनरमध्येही अगदी तेच. त्यामुळे डीवरून बी मायनरला जाताना या दोन बारीक तारांचा आवाज तसाच राहायला हवा. तो घसरला तर तुम्ही एक फ्रेट खाली आहात.

आणि पानावर खाली टॅब असेल तर काम अजून सोपं. हे बघा स्क्रीनवर:

```
e|---------2-|
B|-------3---|
G|-----4-----|
D|---4-------|
A|-2---------|
E|-----------|
```

टॅबमध्ये फ्रेटचा पूर्ण आकडा येतो, त्यामुळे चौकटीतला हरवलेला 2 इथे सापडतो. उलट मदतही होते. धूसर फोटोत दुसऱ्या तारेवरचा 3 अगदी 8 दिसतो. बाकी बोटं दुसऱ्या ते चौथ्या फ्रेटमध्ये अडकलेली असताना आठव्यावर कोण पोचणार? तो 3 च.

कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगून ठेवतो. पानाच्या वर कॅपो लिहिला असेल तर चौकटी आणि टॅब दोन्हींची मोजणी सहसा कॅपोपासून होते, शून्य म्हणजे कॅपो लावलेली खुली तार. नावं आकाराची असतात, म्हणून पाचव्या तारेचा हिशोबही तिथूनच करा. ती ओळ शीर्षकाजवळ असते आणि फोटो काढणारे शीर्षकच कापतात. तेव्हा मला फोटो पाठवताना अख्खं पान पाठवा, घडी हाताने दाबून, फिल्टर न लावता.