खिडकी उघडी ठेवायची की बंद?

कूलर दुरुस्तीचं चॅनल नागपुरात चालवायचं म्हटलं तर मे महिन्यात कमेंट्सचा पाऊसच पडतो. त्यातून पुढच्या व्हिडिओचा विषय शोधायचा, तर ‘छान माहिती’ आणि ‘पंप कितीला पडला’ बाजूला काढायचे. त्यासाठी यूट्यूब स्टुडिओच्या कमेंट्स विभागात फक्त प्रश्न असलेल्या कमेंट्स दाखवणारं फिल्टर आहे. पण ते प्रश्नचिन्ह न टाकणाऱ्यांना हमखास पकडेलच असं नाही, आणि आपली माणसं प्रश्न तक्रारीच्या सुरात विचारतात. त्यामुळे थोडं डोळ्यांनीही वाचावं लागतं.

नागपुरातल्याच महाल भागातल्या एका काकूंनी पंप बदलण्याच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं : ‘नवा पंप टाकला, ताट्या बदलल्या, तरी दुपारी अंग चिकट होते, चादर ओली लागते.’ यात पंपाबद्दल काहीच नाही. मी लगेच उत्तर दिलं नाही, उलट विचारलं : कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी असते का? त्या म्हणाल्या, गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून बंदच ठेवतो.

इथे व्हिडिओ सापडला. कूलर पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो. ती दमट हवा बाहेर गेली नाही, तर खोलीतला दमटपणा वाढत जातो, आणि मग घामही वाळत नाही. जुन्या कमेंट्स चाळल्या तेव्हा ‘कूलरने डोकं जड होतं’, ‘गार लागतं पण बरं वाटत नाही’ अशी बरीच वाक्यं निघाली. त्यातल्या काहींचं दुखणं हेच असावं. शीर्षक मी माझं न देता त्यांच्या बोलीत दिलं : ‘कूलर लावल्यावर खिडकी उघडी ठेवायची की बंद?’ शोधणारा माणूस ‘आर्द्रता’ टाइप करत नाही हो! व्हिडिओत खिडकीला कागदाची पट्टी लावली. खिडकी थोडी उघडल्यावर ती बाहेरच्या बाजूला फडफडताना दिसते.

आता श्रेय. सुरुवातीलाच धन्यवादांची यादी वाचू नका. नव्या प्रेक्षकाला ती नावं परकी असतात, आणि तो तिथेच निघून जातो. स्टुडिओतल्या प्रेक्षक टिकण्याच्या आलेखात पहिल्याच अर्ध्या मिनिटात उतार दिसला, तर आधी ही यादी तपासा. ज्या माहितीमुळे व्हिडिओ बदलला, तिथेच माणसाचा उल्लेख करा. मी पट्टी दाखवताना म्हणालो, ‘महालातल्या काकूंनी चादरीचं सांगितलं नसतं, तर मी पंपच उघडत बसलो असतो.’ एवढं पुरतं.

नाव घ्यायचं का, हे आधी विचारा. काकूंना नको होतं. कमेंटचा स्क्रीनशॉट दाखवायचा झाला तर फोटो आणि हँडल झाका. परवानगी असेल तर वर्णनात @ लावून हँडल लिहिता येतं.

व्हिडिओ आला की त्यांच्या मूळ कमेंटलाच उत्तर म्हणून लिंक द्या. काकूंचं उत्तर तासाभरात आलं : ‘मग पावसाळ्यात खिडकी उघडूनही का चिकचिक होते?’ बाहेरचीच हवा दमट असेल तर कूलर फारसं काही करू शकत नाही. जूनचा व्हिडिओ तोच आहे.